एक जुडी म्हणजे नक्की किती ग्रॅम? कोथिंबीर, कढीपत्ता आणि पालेभाज्या वजनात आणायची पद्धत

मावशीच्या वहीत कोथिंबीर वडीची कृती अशी आहे: "कोथिंबीर एक जुडी, बेसन दीड वाटी, बाकी अंदाजाने." मावशी गेली कित्येक वर्षं त्याच अंदाजाने वड्या करते आणि त्या कधी बिघडत नाहीत. माझ्या बहिणीने तिच्या घरी हीच कृती अगदी शब्दशः केली, एक जुडी, दीड वाटी, आणि वड्या झाल्या पिठाच्या, आत कोथिंबीर शोधावी लागत होती, पीठ कोरडं वाटलं म्हणून तिने वरून पाणी घातलं तर वाफवल्यावर चिकट लगदा. तिला वाटलं आपलंच काहीतरी चुकलं. चूक तिची नव्हतीच, तिने आणलेली जुडी निवडून जेमतेम 50 ग्रॅम भरली होती आणि मावशीची जुडी त्याच्या तिप्पट असते.

म्हणून जुडी, मूठ, काडी हे शब्द ग्रॅममध्ये आणायचे असतील तर "एक जुडी = 100 ग्रॅम" असा एखादा आकडा कुठून तरी उचलून काम होत नाही. प्रश्न असा विचारायचा की वजन कुठल्या टप्प्यावर केलंय. आणलेल्या जुडीचं, निवडलेल्या पानांचं, धुतलेल्या की चिरलेल्या? चारही ठिकाणी आकडा वेगळा येतो आणि सगळा गोंधळ तिथेच होतो. कोथिंबिरीवर मी सविस्तर लिहितेय कारण ती एकदा नीट समजली की बाकीचं सोपं जातं.

आधी काटा बघून घ्या

घरातला साधा डिजिटल काटा, 1 ग्रॅमपर्यंत दाखवणारा, जुडीसाठी पुरेसा आहे. तो बरोबर दाखवतो का हे तपासायला रिकामं भांडं ठेवा, टेअरचं बटण दाबून शून्य करा आणि मापाच्या कपाने 100 मिली पाणी ओता, 100 च्या जवळपास आलं पाहिजे, दोनतीन ग्रॅम इकडेतिकडे चालतं कारण कपाच्या रेघेवरही तेवढा फरक पडतोच.

खरा त्रास होतो तो थोड्या वजनाला. 1 ग्रॅमचा काटा "2" दाखवतो तेव्हा आत दीड ग्रॅमही असू शकतं आणि अडीचच्या जवळही. शिवाय बऱ्याच काट्यांमध्ये शून्याजवळचा बारीकसा बदल हा काटा स्वतःच पुसून टाकतो, स्थिर राहावा म्हणून तशी सोय केलेली असते. त्यामुळे शून्य केलेल्या भांड्यात तुम्ही कढीपत्त्याची पानं एकेक करून टाकत गेलात तर दहा पानं पडली तरी आकडा शून्यावरच बसलेला दिसतो, आणि काटा बिघडला असं वाटतं. यावर उपाय सोपा आहे, शून्य केल्यावर भांड्यात आधी एक चमचा ठेवा, समजा 38 आलं, मग सगळी पानं एकदम टाका आणि येईल त्यातून 38 वजा करा.

कोथिंबिरीची जुडी: एकच जुडी, चार वजनं

एक जुडी मी टप्प्याटप्प्याने मोजून लिहून ठेवली होती, तीच इथे देते. आणली तशी काट्यावर ठेवली, रबर काढून, मुळं आणि मातीसकट: 212 ग्रॅम. मुळं कापली आणि माती झटकली, तेवढ्यात 34 ग्रॅम गेले. पिवळी आणि सडलेली पानं 11 ग्रॅम. खालचे जाड देठ, म्हणजे नखाने दाबल्यावर पटकन तुटत नाहीत आणि वाकवल्यावर दोरा निघतो असे, ते 58 ग्रॅम. उरली पानं आणि कोवळे देठ मिळून 109 ग्रॅम. म्हणजे विकत घेतलं त्याच्या निम्म्याला जरा वर.

मग धुतली. दोन पाण्यातून काढून चाळणीत निथळत ठेवली आणि पाचेक मिनिटांनी वजन केलं तर 141! कोथिंबीर तेवढीच, 32 ग्रॅम निव्वळ पाणी, पानांच्या बारीक कातऱ्यांमध्ये अडकलेलं. पंच्यावर पसरून अर्धा तास ठेवल्यावर 113 झाली. आता कोणी चाळणीतून काढल्या काढल्या वजन केलं आणि कोणी पंच्यावर सुकवून, तर दोघांनी "निवडून धुतलेली कोथिंबीर" असंच लिहिलं तरी फरक चांगला 28 ग्रॅमचा आहे. वडीच्या पिठात तर हे पाणी दुहेरी त्रास देतं, एकतर कोथिंबीर कमी पडते आणि वरून पीठ सैल होतं.

म्हणून माझा नियम: वजन करायचं ते निवडल्यावर आणि धुण्याआधी. हा टप्पा सगळ्यांकडे सारखा असतो. कोथिंबीर खूप मातीची असेल आणि आधी धुवावीच लागणार असेल तर सुकवून मगच काट्यावर, हाताला ओल लागत नाही आणि पानं एकमेकांना चिकटत नाहीत इतपत. बोटांनी उचलून सोडल्यावर पानं गठ्ठ्याने पडली तर अजून ओली आहेत, सुटी सुटी पडली की झालं.

एका जुडीवरून काही ठरवू नका मात्र. मी तीन वेगवेगळ्या दिवशी मोजलं: 212 ची निवडून 109, मग एक लहान 148 ची निवडून 82, आणि एक मोठी पण जून झालेली, फुलावर आलेली 265 ची निवडून 125. बघा, मोठी जुडी दिसायला जवळजवळ दुप्पट होती, हातात आली फक्त दीडपट. तिन्ही मिळून 625 ग्रॅमचे 316 झाले, म्हणजे निम्मं. हा "निम्मं" आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे, पण मुळांसकट येणाऱ्या कोथिंबिरीसाठी आणि पानं अधिक कोवळे देठ घेतले तर. मुळं आधीच कापून येत असेल तर हिशोब बदलेल, साठ-पासष्ट टक्क्यांवर जाईल. आणि तुम्ही फक्त पानंच खुडून घेणारे असाल, देठ अजिबात नाही, तर निम्म्याच्याही बरंच खाली येईल. तुमची सवय काय आहे त्यावर आहे हे, त्यामुळे तीन जुड्या स्वतः मोजा, तीनच पुरतात, आणि तिन्हीची बेरीज करून भागा. प्रत्येकीची टक्केवारी काढून मग त्यांची सरासरी करण्यापेक्षा हे सोपं आणि बरोबरही.

मूठ कशी मोजायची

मूठभर कोथिंबीर म्हणजे कोणाची मूठ? हा नुसता बोलण्यापुरता प्रश्न नाही, लिहिणाऱ्याचाच हात मोजायला लागतो. आणि तो मोजायची पद्धत मला फार आवडते कारण त्यात स्वयंपाक करणाऱ्याला काहीच वेगळं करावं लागत नाही. चिरलेल्या कोथिंबिरीचं भांडं काट्यावर ठेवायचं, भरलेलंच, आणि तसंच शून्य करायचं. मग म्हणायचं, मावशी, आमटीत घालतेस तेवढी उचल. तिने मूठ उचलली की काट्यावर उणे 14 येतं. ती तिची मूठ. हे पाच वेळा केलं तर आलं उणे 14, 17, 13, 16, 15. सरासरी 15 ग्रॅम. प्रत्येक वेळी पुन्हा शून्य करायचं, नाहीतर आधीची मूठ त्यात मिळून येते.

याच्या उलट, म्हणजे तिला आधी मूठ भरायला लावून ती रिकाम्या भांड्यात टाकायला सांगितलं ना, तर मूठ बदलते. समोर मोजमाप चाललंय म्हटलं की माणूस हात जरा जास्त नीट भरतो. मावशीची अशी मूठ 20 ग्रॅम आली होती. भांड्यातून उचलताना ती आमटीकडे बघत होती, तेव्हाची मूठ खरी.

आता मूठ चिरलेल्याची की अख्ख्या पानांची हेही लिहायलाच हवं. अख्खी पानं फुगलेली असतात, मुठीत मावतात कमी, माझ्या हातात आठनऊ ग्रॅम. वाटीचंही तसंच आणि तिथे तर फरक डोळ्यांत भरतो. माझी वाटी 150 मिलीची आहे. त्यात खुडलेली अख्खी पानं न दाबता भरली तर 10 ग्रॅम. तीच बारीक चिरून सैल भरली तर 22. आणि चिरून बोटांनी दाबून भरली तर 41. एकच वाटी, एकच कोथिंबीर, चौपट फरक! कृतीत नुसतं "वाटीभर कोथिंबीर" असेल तर तो आकडा मी वापरतच नाही, आधी विचारते दाबून की सैल, आणि विचारायला कोणी नसेल तर चिरून सैल धरते, कारण घरात चिरलेली कोथिंबीर वाटीत टाकताना सहसा कोणी दाबत नाही.

कढीपत्ता: इथे काडी आणि डहाळी वेगळी

कढीपत्त्याच्या बाबतीत पहिली चूक वजनाची नसते, शब्दाची असते. झाडाची जी हिरवी काडी असते आणि तिच्या दोन्ही बाजूंनी पानं लागलेली असतात, ती एक काडी. तिच्यावर साधारण 11 ते 21 पानं असतात. अशा पाचसहा काड्या एका जाडसर फांदीला असतात, ती डहाळी. कोणी "एक डहाळी कढीपत्ता" लिहितं आणि मनात एक काडी असते, कोणी खरंच डहाळी म्हणतं. हा फरक पाचसहा पटीचा आहे, त्यामुळे ग्रॅमच्या आधी हे ठरवा. फोडणीची कृती असेल तर काडी, चटणीची असेल तर डहाळी असण्याची शक्यता जास्त.

एका काडीचं वजन 1 ग्रॅमच्या काट्यावर करू नका, वर सांगितलं तसं ते काट्याच्या चुकीतच बुडून जातं. दहा काड्या एकत्र मोजा आणि भागा. माझ्या दहा काड्या 24 ग्रॅम भरल्या, पानं ओरबाडून घेतल्यावर पानांचं वजन 19, म्हणजे एका काडीची पानं साधारण 1.9 ग्रॅम. काडीवर सरासरी 17 पानं होती, म्हणजे एक पान 0.11 ग्रॅमच्या आसपास, नऊ पानं म्हटली की 1 ग्रॅम. कोवळ्या काडीची शेंड्याकडची पानं याच्या निम्मी भरतात आणि जून मोठी पानं दीडपट-दुप्पट, म्हणून दहा काड्या निवडताना सगळ्या मोठ्या मोठ्या उचलू नका, जुडीतून हाताला येतील त्या घ्या.

आणि खरं सांगायचं तर फोडणीला "8-10 पानं" असं लिहिलेलं असेल तर ते ग्रॅममध्ये आणूच नये असं माझं मत आहे. पानं मोजणं हे तिथे काट्यापेक्षा अचूक आहे. ग्रॅम लागतात ते चटणी किंवा कढीपत्त्याची पूड करायची असेल तेव्हा, किंवा चार जणांची कृती पन्नास जणांसाठी वाढवायची असेल तेव्हा, कारण साडेबारा पटीने 9 पानं म्हणजे 112 पानं कोणी मोजत बसणार नाही, 12-13 ग्रॅम पानं घ्या म्हटलं की झालं.

पालक आणि मेथी

पालकाला जाड देठाचा भाग सोडला तर फार काही जात नाही, मुळं आणि खालचे देठ काढून माझ्याकडे पाऊण हिस्सा हाती येतो. मेथीचं उलट. मेथी निवडणं म्हणजे पानं खुडणं, दांडे सगळे बाजूला, त्यामुळे 300 ग्रॅमची जुडी खुडून 130-140 ग्रॅम मिळाली तरी चांगली म्हणायची. कोवळे शेंडे दांड्यासकट घेत असाल तर जरा जास्त. मेथीच्या कृतीत "एक जुडी" दिसलं की ती कशी खुडलीय हे विचारल्याशिवाय आकडा लिहू नका.

पालेभाज्यांमध्ये जास्त घोळ होतो तो कच्चं की शिजवलेलं यात. पालकात 90 टक्क्यांच्या वर पाणी असतं. 200 ग्रॅम निवडलेला पालक उकळत्या पाण्यातून काढून हाताने पिळला की वजनाला साधारण निम्मा होतो, आणि डोळ्यांना तर एवढासा गोळा दिसतो. किती जोरात पिळलात त्यावर वीसेक ग्रॅमचा फरक सहज पडतो. म्हणून शिजवलेल्या पालेभाजीचं वजन मी कृतीत लिहीतच नाही, कच्च्या निवडलेल्याचंच लिहिते आणि पुढे "पिळून घेणे" एवढं.

वाळवलेल्यासाठी पाण्याचाच हिशोब कामी येतो. मेथीच्या पानात साधारण 87 टक्के पाणी धरा, म्हणजे 100 ग्रॅममध्ये 13 ग्रॅम बाकीचं. कडक वाळल्यावरही थोडी ओल राहते, त्यामुळे 14 ग्रॅमच्या आसपास मिळतात, म्हणजे सातात एक. कढीपत्त्यात मात्र पाणी कमी, 65 टक्क्यांच्या आसपास, म्हणून 100 ग्रॅम पानांची 38 ग्रॅमच्या आसपास वाळलेली पानं होतात. मेथीचाच सातात एक हा हिशोब कढीपत्त्याला लावला तर पूड जवळपास तिप्पट कमी धरली जाते. आणि वाळवलेल्या मेथीचं वजन सातपटीहून कमी घटलं असेल, म्हणजे 100 च्या 20 राहिल्या असतील, तर ती अजून वाळलेली नाही, बरणीत भरली तर बुरशी येईल. वजनानेच कळतं हे, हाताला कुरकुरीत लागत असली तरी जाडसर देठात ओल असते.

मावशीची वडी, पुन्हा एकदा

आता बहिणीच्या वड्यांकडे येऊ, कारण सगळं लागतं ते इथे. मावशीला तीन वेळा वड्या करताना एवढंच सांगितलं की कोथिंबीर चिरून झाली की पिठात घालण्याआधी परात काट्यावर ठेव. ती कोथिंबीर धुऊन पंच्यावर सुकवते आणि कोवळे देठ ठेवते, हे विचारून घेतलं. आकडे आले 142, 158, 150. सरासरी 150 ग्रॅम. तिच्या जुड्या तीन वेळा लहानमोठ्या होत्या, एकदा तर तिने दुसऱ्या जुडीतली थोडी घेतली, पण चिरलेला ढीग तिला हवा तेवढा दिसेपर्यंत ती थांबतच नव्हती. म्हणजे तिची "एक जुडी" ही जुडी नव्हतीच, परातीतला तो ढीग होता. मला हे कळलं तेव्हा फार बरं वाटलं, कारण तिचा अंदाज अंदाज नव्हता, वजनच होतं, फक्त डोळ्यांनी केलेलं.

मग बेसन. तिची वाटी माझ्यासारखीच 150 मिलीची, ती डब्यात बुडवून वरून बोटाने सपाट करते, शीग ठेवत नाही. तशी एक वाटी 80 ग्रॅम भरली, दीड वाटी म्हणजे 120. कृती झाली 150 ग्रॅम कोथिंबिरीला 120 ग्रॅम बेसन. बहिणीने केल्या त्या वड्यांत 50 ला 120 होतं! कोथिंबिरीपेक्षा पीठ अडीचपट, मग पाणी न घालता ते मळलं जाणारच नव्हतं, कारण मावशीच्या पिठाला ओल येते ती मीठ लागल्यावर कोथिंबिरीला सुटलेल्या पाण्याची.

बाजारातून किती आणायची हे उलट्या हिशोबाने निघतं. हवी 150, हाती येते निम्मी, म्हणजे 300 ग्रॅम आणायची. बहिणीकडे जुड्या लहान असतात, शंभराच्या आतबाहेर, तर तिला तीन लागतात. तिच्यासाठी वहीत मी मावशीच्या ओळीखाली असं लिहून दिलं:

"कोथिंबीर 150 ग्रॅम (पानं + कोवळे देठ, धुऊन पंच्यावर सुकवलेली, चिरून), त्यासाठी मुळांसकट 300 ग्रॅम आणावी. बेसन 120 ग्रॅम."

कंसातलं वाक्य गाळलं तर 150 हा आकडाही "एक जुडी" इतकाच मोघम होतो, ते तेवढंच महत्त्वाचं आहे.

कृती लिहिणारी व्यक्ती आता विचारायला नसेल तर? तेव्हाही मार्ग आहे, फक्त वेळ लागतो. बेसनाचं वजन नक्की करा, 120, कारण वाटी निदान सापडते, ती भरायची पद्धत आठवते. मग भरपूर कोथिंबीर, 250 ग्रॅम म्हणा, चिरून एका भांड्यात ठेवा आणि भांड्यासकट वजन लिहून ठेवा, कारण मधे थांबावं लागतं आणि तेवढ्यात काटा बंद झाला तर केलेलं शून्य पुसलं जातं. मीठ, तिखट घातलेल्या पिठात कोथिंबीर थोडी थोडी घाला, प्रत्येक वेळी मिसळून दहा मिनिटं थांबा म्हणजे पाणी सुटेल, आणि मूठ वळल्यावर गोळा पाण्याशिवाय धरला जातो त्या क्षणी थांबा. भांडं पुन्हा काट्यावर ठेवा आणि लिहिलेल्या वजनातून किती कमी झालंय ते बघा. ते तुमच्या त्या कृतीतल्या जुडीचं वजन. एकदा वाफवून चव बघा, पीठ जास्त लागलं तर पुढच्या वेळी 20 ग्रॅम कोथिंबीर वाढवा, वड्या कापताना तुटल्या तर 20 कमी करा. दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या खेपेला आकडा जागेवर येतो, आणि मग तो तारीख टाकून वहीत लिहा, कारण फुलावर आलेल्या कोथिंबिरीला पाणी कमी सुटतं आणि त्या दिवसांत तेवढ्याच ग्रॅमला पाण्याचा एखादा हबका लागू शकतो.